नऊ टक्के

2012 च्या फेब्रुवारीत मी दुबईहून मालवणला सुट्टीवर आलो तेव्हा माझ्याकडे 10,000 डॉलर साठले होते. एनआरई ठेवींचे व्याजदर रिझर्व्ह बँकेने 2011 च्या डिसेंबरात मोकळे केले होते, त्यामुळे रुपयातल्या एनआरई ठेवीवर नऊ टक्के मिळत होते. पैसे डॉलरमध्येच ठेवायचे, म्हणजे एफसीएनआर ठेव करायची, तर मिळत होते जेमतेम सव्वादोन. मी विचारात पडलेला बघून बाबा म्हणाले, "नऊ सोडून सवादोन घेतंस? खुळो झालंस काय?"

डॉलर 49 रुपयांना होता. 4,90,000 रुपये अठरा महिन्यांसाठी एनआरईत टाकले.

ठेव लागणार होती दुबईसाठी. बायको-मुलीला तिकडे न्यायचं ठरलं होतं. तिथे घरभाडं वर्षाचे चेक आगाऊ लिहून देतात, शाळेची फी वेगळी, आणि सगळं दिरहममध्ये. दिरहम डॉलरला 3.6725 या दराने बांधलेला, म्हणजे माझा खर्च डॉलरमध्येच होता. हे मला माहीत होतं, फक्त ठेवीशी त्याचा संबंध मी जोडला नव्हता.

ठेव पिकली ऑगस्ट 2013 च्या शेवटी. गोकुळाष्टमीच्या दिवशी, 28 तारखेला, डॉलर 68 च्या वर गेला. हातात आले 5,60,000 रुपये. मागच्या ओटीवर बसून कॅलेंडरच्या पाठीवर हिशेब केला. 68 ने भागल्यावर 8,235 डॉलर. दीड वर्षं व्याज खाऊन मुद्दलातले पावणेदोन हजार गेले होते. सव्वादोन टक्क्यांत तेच डॉलर 10,350 च्या आसपास झाले असते.

मग उलटा हिशेब केला, जो आधी करायला हवा होता. 5,60,000 ला 10,350 ने भागलं तर 54 येतात. डॉलर 54 च्या आत राहिला असता तरच माझे नऊ टक्के फायद्याचे. म्हणजे 49 वरून फक्त पाच रुपयांची जागा होती, आणि 2012 च्या जूनमध्येच डॉलर 57 ला जाऊन आला होता!

बाबांना मात्र यात तोटा दिसेना. "सत्तर हजार जास्तीचे इले मा?" रुपयांत ते खरंच होतं. पडवीच्या चिऱ्यांचे आणि वाळूचे पैसे कोणी डॉलरमध्ये मागत नाही. पण पैसे एफसीएनआरमध्ये ठेवले असते तर त्या दिवशी त्या डॉलरचे रुपयांतही सात लाख झाले असते, हे बाबांना मी सांगितलं नाही.

डॉलर उतरेल म्हणून थांबलो. ऑक्टोबरात डॉलर 62 च्या आत आला, तरी हिशेब 9,000 च्या पुढे फारसा सरकेना. तोवर रिझर्व्ह बँकेने एफसीएनआरच्या डॉलरसाठी बँकांना खास सवलत दिली होती आणि बँकेतून मलाच फोन येऊ लागले, डॉलर आहेत का म्हणून. माझ्या डॉलरचे तोवर पडवीचे नवे वासे झाले होते. बायको-मुलगी आणखी दोन वर्षं मालवणातच राहिली.