तिसरा रकाना

नाशिक जिल्ह्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीचा प्रकल्प अहवाल मी तयार करत होतो. जागा एकच होती आणि पर्याय दोन होते. पहिला द्राक्षांचं पॅकहाऊस: गुंतवणूक 20 लाख आणि पाच वर्षं दरसाल 7 लाखांची निव्वळ आवक. दुसरा शीतगृह: 60 लाख घालून दरसाल 19 लाख. पाच वर्षांनंतरची किंमत दोन्हीकडे शून्य धरली होती.

वित्तीय परिशिष्टात पॅकहाऊसचा अंतर्गत परतावा दर, म्हणजे आयआरआर, सुमारे 22 टक्के आला आणि शीतगृहाचा साडेसतरा. 12 टक्के दराने काढलेलं निव्वळ वर्तमान मूल्य मात्र उलट बोलत होतं: पॅकहाऊस 5.23 लाख, शीतगृह 8.49 लाख. एक्सेलमध्ये हे सूत्र असं लिहिलं:

```
=NPV(12%,C3:C7)+C2
```

C2 मध्ये आजची गुंतवणूक उणे चिन्हासह आहे. ती कंसाच्या आत घेतली, तर एक्सेल तिलाही वर्षभर पुढची समजतं आणि शीतगृहाचे 8.49 लाख 7.58 वर येतात.

बैठकीत अध्यक्ष म्हणाले, "साहेब, बावीस टक्के सोडून साडेसतरा कशाला घ्यायचे?" प्रश्न रास्त होता. मी तिसरा रकाना जोडला: शीतगृह वजा पॅकहाऊस. म्हणजे 40 लाख जास्त घालायचे आणि दरसाल 12 लाख जास्त मिळवायचे. या जादा रकमेचा आयआरआर सव्वापंधरा टक्के निघतो.

"अण्णा, 22 टक्के मिळतात ते 20 लाखांवर. उरलेले 40 लाख दुसरीकडे सव्वापंधरा टक्क्यांहून जास्त देत असतील, तर पॅकहाऊस घ्या. आपल्या भांडवलाचा खर्च 12 टक्के आहे, म्हणून आज शीतगृह पुढे आहे." भांडवलाचा दर 16 टक्के धरला की क्रम फिरतो: पॅकहाऊस 2.92, शीतगृह 2.21.

मग एका संचालकांनी खरी दुखरी नस पकडली. "शीतगृह भरलंच नाही तर?" पॅकहाऊसची आवक तीच ठेवून शीतगृहाची कमी करत गेलो. 19 लाखांचे साधारण 18.1 झाले की दोन्हींचं मूल्य सारखं होतं. वर्षाला 90 हजारांची तूट आली, की शीतगृहाची आघाडी संपली. एवढी तूट एका खराब हंगामातही येऊ शकते, पण इथे ती पाचही वर्षं धरली होती, म्हणून हंगामी भाड्याची खात्री आधी हवी होती.

संचालक मंडळाने शीतगृहाला मंजुरी दिली, पण बागायतदारांची लेखी आगाऊ नोंदणी हाती आल्यावरच कर्जाचा अर्ज करायचा, या अटीवर. हा ठराव मला योग्य वाटतो. दोन प्रकल्पांपैकी एकच घेता येणार असेल, तर परिशिष्टात निव्वळ वर्तमान मूल्यावर क्रम लावा, फरकाचा रकाना द्या आणि किती तूट आली की निर्णय बदलतो, तो आकडा रुपयांत लिहा.