रोजनिशीला कजा नसते

नमाज सुटली की ती कजा पढावी लागते. आजारपणात किंवा प्रवासात रोजे राहिले तर पुढे दुसऱ्या दिवशी धरून ते पुरे करावे लागतात. लहानपणापासून अंगवळणी पडलेला हा हिशेब आपण नकळत इतर गोष्टींनाही लावतो. रोजनिशीला तो लावला की माणूस वहीपासून दूर पळू लागतो. महिनाभर लिहिले नाही तर तीस दिवसांची थकबाकी डोक्यावर बसते. वर्ष गेले की ती फेडणे अशक्य वाटते, आणि मग वही कपाटातच राहते.

खरे तर शरीयतमध्येसुद्धा सुटलेली प्रत्येक गोष्ट कर्ज होत नाही. मासिक पाळीच्या दिवसांत बाईचे रोजे सुटतात, त्यांची कजा आहे. त्याच दिवसांतली नमाज मात्र माफ आहे, तिची कजा नाही. उलेमा त्याचे कारण साधे सांगतात : रोजे वर्षातून एकदा येतात, नमाज दिवसातून पाच वेळा. दर महिन्याला एवढी नमाज फेडत बसायचे म्हटले तर ते ओझे झेपणारे नाही. रोजनिशीही रोजचीच गोष्ट आहे. तिचे सुटलेले दिवस फेडायला गेले तर आजचा दिवस लिहायला वेळ उरत नाही.

बोईसरजवळच्या सरावलीत आमच्या घरी दोनशे पानांची एक रेघांची वही आहे. आम्ही दोघे नवरा-बायको तिच्यातच लिहितो. ज्याला वेळ मिळेल तो. तिच्यात ‘शुक्रवार, १९ जून २०१५’ अशी एक नोंद आहे. त्या दिवशी पहिला रोजा होता, मुंबईत पावसाने हाहाकार केला होता आणि लोकल बंद पडल्या होत्या. नोंद चार ओळींची आहे : पाऊस, गाड्या, इफ्तारला कोण आले, भजी कशी झाली. त्यानंतरचे पान कोरे होते. मधल्या काळात पाळीची नोकरी, दोन आजारपणे आणि एक लग्न झाले. वही तिथेच थांबली.

२ मार्च २०२५ ला, रविवारी, पुन्हा पहिला रोजा आला. चंद्राचे वर्ष सूर्याच्या वर्षापेक्षा साधारण अकरा दिवसांनी लहान असल्यामुळे दहा वर्षांत रमजान पावसाळ्यातून उठून उन्हाळ्याच्या तोंडाशी, जवळजवळ साडेतीन महिने मागे सरकला होता. आम्ही जुनीच वही घेतली. नवी घेतली असती तर मधली खाच दिसली नसती. कोऱ्या पानाच्या माथ्यावर एक आडवी रेघ मारली आणि खाली लिहिले : ‘मधे नऊ वर्षे आठ महिने लिहिले नाही.’ त्यापुढे कारण लिहिले नाही, माफीही मागितली नाही. त्याखाली आजची तारीख घालून त्या दिवशीची हवा, सहरीला काय केले आणि खजुरांचा भाव लिहिला. जुन्या वर्षांसाठी पाने मोकळी सोडली नाहीत, कारण मोकळी सोडलेली पाने रोज थकबाकीची आठवण देत राहतात.

भरपाई का करायची नाही, हे आमच्या ओळखीच्या एका निवृत्त कामगाराच्या वहीतून कळते. त्यांनी सहा वर्षांचा खंड अकरा पानांत भरून काढला. वाचायला ती पाने नीटनेटकी आहेत, पण ‘त्या काळात’, ‘पुढे कळले की’ असे शब्द त्यांत जागोजाग आहेत. ज्या दिवशी लिहिले त्या दिवशीच्या नोंदीत असे शब्द येत नाहीत, कारण लिहिणाऱ्याला उद्याचे माहीत नसते. शिवाय त्यांनी आईला अर्धांगाचा झटका आला तो २०१८ च्या पावसाळ्यात, असे लिहिले. नंतर दवाखान्याचा कागद सापडला, त्यावर फेब्रुवारी २०१९ होते. आठवण खोटी नव्हती, फक्त जागेवरून सरकली होती. पण तारीखवार वहीत ती मधेच घातली की पुढे वाचणारा तिला साक्ष समजतो.

म्हणून आमची एक पद्धत ठरली आहे. जुने काही आठवले तर ते आठवल्याच्या दिवसाखाली लिहायचे. २०२० च्या टाळेबंदीतल्या रमजानात तरावीह घरातच झाली. अम्मी मागच्या खोलीतून मोठ्याने आमीन म्हणायच्या. ही गोष्ट वहीत आली ती मे २०२५ मध्ये, ‘आज आठवले’ असे लिहून. वाचणाऱ्याला दोन्ही गोष्टी कळतात : घडले कधी आणि आठवले कधी.

असे खंड पडलेल्या वह्या जुन्या आहेत. बाबराच्या आत्मचरित्रात १५०८ पासून दहा वर्षांहून अधिक काळ गायब आहे. याच काळात १५११ मध्ये त्याने समरकंद तिसऱ्यांदा जिंकले आणि पुन्हा गमावले, म्हणजे त्याच्या आयुष्यातली मोठी उलथापालथ त्यात नाही. ती पाने त्याने लिहिलीच नाहीत की हरवली, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. पण आज जे हाती आहे ते पुन्हा सुरू होते ९२५ हिजरीच्या मुहर्रमच्या पहिल्या तारखेला, जानेवारी १५१९ मध्ये, आणि पहिलीच नोंद आहे भूकंपाची. त्या दिवशी जमीन हलली, ते लिहिले. मागच्या दहा वर्षांचा आढावा तिथे नाही. खंडाच्या आधीचा मजकूर वर्षावर्षाने सांगितलेल्या कथेसारखा आहे, त्यानंतरचा दिवसादिवसाच्या नोंदींचा. पुढे १५२९ मध्ये वादळी पावसात तंबू कोसळून त्याचे कागद भिजले, तेव्हा रात्रभर जागून ते वाळवल्याचेही त्याने लिहून ठेवले आहे. जे लिहिलेले होते ते जपले.

आपल्या कोकणाजवळचे उदाहरण तैयबजी खानदानाचे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून त्यांच्या घरांमध्ये ‘अखबार की किताब’ नावाच्या वह्या असत. मुंबईतल्या घरांत, अलिबागजवळच्या किहीमला, घरातले पुरुष, बायका, मुले त्यांत लिहीत. वही घराची होती. त्यामुळे एखाद्याने काही काळ लिहिले नाही तर त्याच्या डोक्यावर ते कर्ज राहत नसे. दुसरा कुणी लिही. एका माणसाची वही बंद पडते ती बहुधा त्या एकट्याच्या ओझ्याने. आम्ही दोघे एका वहीत लिहितो त्याचा फायदाही हाच आहे.

ऑगस्टमध्ये पुन्हा एकोणीस दिवस काही लिहिले गेले नाही. पावसाने हवा एवढी दमट होती की पाने एकमेकांना चिकटली होती. ती पंख्याखाली सुटी केली. मग आडवी रेघ मारली, ‘एकोणीस दिवस’ एवढे लिहिले आणि त्या दिवसाची तारीख घातली. रेघ मारायला आता अर्धे मिनिटही लागत नाही.