कोशिंबीर आणि माझा कोठा

नोकरीतून निवृत्त झाल्यावर माणसाला दोन गोष्टींसाठी भरपूर सवड मिळते. एक म्हणजे वर्तमानपत्र जाहिरातींसकट वाचायला, आणि दुसरी म्हणजे स्वतःच्या पोटाचा विचार करायला. गेल्या वर्षी पावसाळ्यात माझा कोठा एकाएकी रुसला. तीन-तीन, चार-चार दिवस साफ व्हायचे नाव नाही. पुण्याला मेहुण्याकडे कार्याला जायचे होते, तेही मी काहीतरी निमित्त काढून टाळले.

त्याच सुमारास आमचा पुतण्या आला. ऐकताच म्हणाला, "काका, तुम्ही भाज्या फार शिजवून खाता. शिजवली की भाजीतला चोथाच मरतो. रोज रात्री ताटभर कच्चे खा."

झाले! त्या रात्रीपासून माझ्यापुढे कोबी, मुळा, गाजर, कांदा आणि काकडी यांचा ढीग येऊ लागला. माझे निम्मे दात कवळीचे. चावायला पाऊण तास लागे. सौ. म्हणाली, "अहो, जेवताय की रवंथ करताय?" तिसऱ्या दिवशी पोट नगाऱ्यासारखे फुगले, पाचव्या दिवशी मुरडा येऊ लागला, आणि ज्यासाठी हा खटाटोप, ते मात्र जिथल्या तिथेच!

शेवटी डॉक्टरांकडे गेलो. ते भाजीचे नावच काढीनात. शौचावाटे रक्त जाते का, वजन उतरले का, घरात कुणाला आतड्याचा आजार होता का, हेच विचारीत राहिले. "साठीनंतर सवय अशी अचानक बदलली, तर आधी तपासणी आणि मग कोशिंबीर," म्हणाले. दुर्बिणीची तपासणी होऊन निकाल हाती येईपर्यंतचे आठ दिवस कसे गेले ते मी सौ.लाही सांगितलेले नाही. निकाल निर्दोष निघाला.

मग त्यांनी मला समजावले. शिजवल्याने चोथा मरत नाही. तो बहुतेक तसाच राहतो. फक्त भाजीच्या पेशी एकमेकींना चिकटवून ठेवणारा पदार्थ सैल होतो आणि भाजी मऊ पडते. म्हणजे दातांचे अर्धे काम चूल करते. कच्च्या कोबीचे नीट न चावलेले तुकडे हळव्या आतड्यात तसेच उतरतात, मोठ्या आतड्यातले जंतू कोबीवर ताव मारतात आणि वायू धरतो. शिवाय मी एका रात्रीत चोथा दुपटीने वाढवला होता. तो हळूहळू वाढवायचा असतो, आणि सोबत पाणी हवे.

सौ.ने त्यात आपली भर घातली. पालकाची भली मोठी जुडी तिने माझ्यासमोर शिजवली, तर ती एका वाटीत बसली. "ही एवढी कच्ची खाल का?" तिने विचारले. मी गप्प बसलो.

पहिले दोन आठवडे कच्चे पूर्ण बंद. दुपारी अर्धी वाटी आणि रात्री अर्धी वाटी दुधी, लाल भोपळा, पडवळ किंवा पालक, अगदी मऊ शिजवून. दुसऱ्या आठवड्यात दोन्ही वेळा वाटी भरून. दहाव्या दिवशी कोठा ताळ्यावर आला. त्यानंतर एकेक कच्ची भाजी परत आणली, प्रत्येकीला तीन दिवस देऊन, आणि वहीत नोंद ठेवून. (नोंद ठेवायची खोड कचेरीतली.) सोललेली काकडी पास झाली. गाजर किसून दोन चमचे, पास. कोबी आणि मुळा नापास.

गंमत कांद्याची. तो कच्चा नापास झाला हे ठीक, पण शिजवलेलाही झाला! डॉक्टर म्हणाले, कांद्यातला वायू करणारा अंश पाण्यात उतरतो, तेलात उतरत नाही. म्हणून रश्शातला कांदा बाजूला सारून उपयोग नाही. रस्साच सगळा कांद्याचा झालेला असतो. आता सौ. कांद्याचे मोठे काप तेलात परतून स्वाद घेते, पाणी घालण्यापूर्वीच ते काढून आपल्या ताटात घेते, आणि मला नुसता वास मिळतो.

हे सारे माझ्या पोटापुरते. सौ. मुळ्याची कोशिंबीर वाटीभर खाऊन सुखाने झोपते. शिवाय काहींचे आतडेच मुळात मंद चालते. त्यांना जास्त चोथ्याने उलट अधिकच दाटते. म्हणून डॉक्टरांनी बजावले होते, "महिनाभरात फरक पडला नाही तर भाजी वाढवू नका, माझ्याकडे या."

परवा पुतण्याचा फोन आला. दिवाळीला येतो आहे, आणि या खेपेस कच्च्या बिटाचा रस काढायचे यंत्र घेऊन. सौ.ने त्याला येताना दोन दुधी आणायला सांगितले आहेत.