बारक्याचे चामड्याचे बूट आणि पॉलिशची गोष्ट

मंडळी, 2023 मध्ये आपल्या राज्यात एक निर्णय झाला. सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतल्या पहिली ते आठवीच्या पोरांना गणवेशासोबत एक जोडी बूट आणि दोन जोडी पायमोजे मोफत द्यायचे. त्यासाठी एका विद्यार्थ्यामागे 170 रुपये मंजूर झाले. निर्णय चांगला होता, त्याबद्दल तक्रार नाही. पण 170 रुपयांत बूटही बसवायचे आणि मोजेही, म्हणजे ते बूट चामड्याचे नसणार, हे कुणीही सांगेल. घोळ पुढे होतो. काही शाळांत परिपाठाच्या वेळी त्याच बुटांकडे बोट दाखवून विचारतात, "पॉलिश का नाही केलं?"

आमच्या स्टँडसमोरच्या चहाच्या टपरीवाल्याचा धाकटा पोरगा सहावीत होता तेव्हाची गोष्ट. सगळे त्याला बारक्याच म्हणतात. जुलैच्या एका संध्याकाळी पोरगं टपरीच्या मागं बसून बुटावर पॉलिश घासत होतं आणि मुसमुसत होतं. बाप म्हणाला, "आज परत रांगेबाहेर उभं केलं त्याला. रोज डबी उघडून बसतोय, पण बूट काय चमकंना."

टपरीला लागूनच तात्यांचा गटईचा स्टॉल आहे. समाजकल्याण खात्याच्या योजनेत गटई कामगारांना मिळतो तो पत्र्याचा. तात्या आरी बाजूला ठेवून म्हणाले, "आण रं इकडं."

त्यांनी बूट हातात घेतला आणि नाडीखालची जीभ बाहेर ओढून तिची कापलेली कड बघितली. मग मला आणि पोराला दोघांनाही दाखवली. वर कागदासारखा पातळ काळा थर, खाली पांढरं विणलेलं कापड. "हे रेक्झिन. वर प्लास्टिक, खाली कापड. चामडं असतं तर कड सगळी एकजात दिसली असती, बारीक बारीक तंतूंची, आतनं मखमलीवानी. वरनं ठसा मारून चामडं दाखवता येतं, कडेला खोटं बोलता येत नाही."

बुटाच्या वाकणीवर, म्हणजे बोटं दुमडतात तिथं, वरचा थर सोलून निघाला होता आणि खालचं कापड दिसत होतं. पोरगं नेमकं तिथंच पॉलिश थापत होतं. तात्यांचं म्हणणं असं, की पॉलिश म्हणजे मेण. चामड्याला बारीक छिद्रं असतात, त्यात मेण थोडं मुरतं, धरून राहतं. प्लास्टिकमध्ये ते मुरायला जागाच नाही. वर बसतं आणि पँटीला पुसलं जातं. कापडावर लावलं तर कापड काळं होतं, चमकत नाही. असा बूट साबणाच्या ओल्या फडक्यानं पुसायचा आणि कोरडा करायचा, एवढीच त्याची निगा. म्हणजे पोरगं आठ दिवस ज्यासाठी बोलणी खात होतं, ते त्याच्या हातात नव्हतंच.

गणपतीला मामा आला. भाच्याची हकिगत त्याला कळली होती. जाताना तो बारक्याला बाजारात घेऊन गेला आणि काळे, नाडीचे, खऱ्या चामड्याचे बूट घेऊन दिले. पोराचा पहिला चामड्याचा जोड. वाढत्या पायाचा विचार करून एक नंबर मोठा घेतला आणि पुढं कापूस कोंबला. पहिल्या दिवशी पोरगं टपरी ते स्टँड असं उगाच चार वेळा चालून आलं. रात्री बूट उशाला घेऊन झोपला, असं त्याची आई सांगत होती.

दुसऱ्या दिवशी त्यानं पॉलिश केलं. अर्धी डबी दोन बुटांवर लेपली आणि लगेच ब्रश मारायला घेतला. बूट चमकायच्या ऐवजी चिकट झाले, शाळेत पोचेपर्यंत रस्त्याची सगळी धूळ त्यांना बसली आणि पांढऱ्या मोज्यांना वरपर्यंत काळं लागलं. संध्याकाळी ते ध्यान घेऊन तो तात्यांकडं आला. मी चहाला तिथंच होतो, म्हणून पुढची शिकवणी मलाही बघायला मिळाली.

तात्यांनी आधी नाड्या काढायला लावल्या. नाडी ठेवून पॉलिश केलं की जिभेवर पोचत नाही आणि नाडीच काळी होते. मग फडक्याच्या टोकाला थोडं टर्पेंटाइन घेऊन साचलेला जाड थर हलक्या हातानं पुसून काढला. हे रोज करायचं नसतं, चामडं कोरडं पडतं. त्यानंतर कोरड्या जुन्या ब्रशनं तळव्याच्या कडेची शिवण साफ केली. माती तिथंच लपते. ती तशीच ठेवून पॉलिश लावलं तर माती मेणात कालवली जाते आणि ब्रशखाली बारीक ओरखडे पडतात. शेवटी घट्ट पिळलेल्या ओल्या फडक्यानं बूट पुसून सावलीत ठेवला.

"आता?" पोरगं म्हणालं.

"आता चा पी."

दहा मिनिटांनी बूट कोरडा झाल्यावर तात्यांनी डबीतनं हरभऱ्याएवढं पॉलिश फडक्यावर घेतलं. एका बुटाला एवढं पुष्कळ. बोटाला फडकं गुंडाळून लहान लहान गोल फिरवत त्यांनी ते पसरलं. आधी टाच, मग बाजू, जीभ आणि शेवटी पुढचं टोक. टाचेपासून सुरुवात का, तर फडक्यावर पहिल्यांदा जास्त माल असतो, तो टाचेला जिरतो. टोकापर्यंत येताना थर आपोआप पातळ होतो.

पोरानं ब्रश उचलला. तात्यांनी हात धरला. "थांब. इथंच चुकतोस तू."

डबीतलं मेण पातळ राहावं म्हणून त्यात टर्पेंटाइनसारखं उडून जाणारं द्रव्य असतं. उघड्या डबीतलं पॉलिश वाळून भेगाळतं ते त्यामुळंच. बुटावर लावल्यावर ते द्रव्य उडून जायला पाच ते दहा मिनिटं लागतात. तोवर ब्रश मारला तर मेण घट्ट बसायच्या आधीच सरकतं आणि चिकटा होतो. वेळ झाली हे कसं ओळखायचं, तर बुटाकडं बघून. लावल्या लावल्या तो ओला, काळाभोर दिसतो. मग हळूहळू त्याच्यावर राखेसारखी मंद झाक येते. बोट हलकं टेकवलं आणि बोटाला काळं लागलं नाही, की ब्रश घ्यायचा.

ब्रशही मोठा, मऊ केसांचा. जोर लावायचा नाही. मनगट सैल ठेवून लांबनं, भराभर, बुटाच्या आरपार. ब्रशच्या घासण्यानं मेणाला थोडी ऊब येते आणि वरचा थर सपाट होतो. सपाट झालेला थर उजेड परत फेकतो, त्यालाच आपण चमक म्हणतो. काळ्या रंगाचा त्यात फार वाटा नाही. बिनरंगी पॉलिशनंही बूट चमकतो. एवढ्यानं समाधान झालं नाही तर टोकावर पुन्हा नखाएवढं पॉलिश, त्यावर पाण्याचा एक थेंब आणि सुती फडक्यानं हळू हळू गोल. हे फक्त टोकाला आणि टाचेला करायचं. वाकणीवर जाड थर दिला तर चालताना तो तडकतो.

दुसरा बूट पोरानं केला. मध्ये थांबायच्या वेळात तो डबीवरचा आकडा, तात्यांची ऐरण, रस्त्यावरच्या एस.टी.च्या पाट्या सगळं वाचून झाला, पण थांबला. बूट चमकला. तात्यांनी तो उलटा केला, शिवण बघितली आणि "हं" म्हणाले. त्यांच्याकडनं हे कौतुक.

रोज पॉलिश करायचं नाही, हेही त्यांनी बजावलं. रोज फक्त ब्रश आणि कोरडं फडकं. पॉलिश आठवड्यातनं एकदा, रविवारी.

सप्टेंबरच्या शेवटी परतीचा पाऊस आला. बारक्या भिजत घरी आला आणि सकाळपर्यंत बूट वाळावेत म्हणून त्यानं ते टपरीतल्या स्टोव्हला टेकवून ठेवले. सकाळी बूट वाळले होते, पण आखडून पापडासारखे कडक झाले होते. डाव्या बुटाच्या वाकणीवर बोटभर चीर गेली होती. पोरगं रडलं नाही. बूट तात्यांच्या पुढ्यात ठेवून नुसतं उभं राहिलं.

तात्यांनी चीर चाचपली. ओल्या चामड्याला धग लागली की ते आकसतं आणि त्यातला नैसर्गिक तेलकटपणा जातो. मग वाकवलं की मोडतं. थोडं तेल चोळून त्यांनी बूट जरा मऊ केला, आतनं पातळ चामड्याचा तुकडा चिकटवून शिवला. "चालंल वर्षभर," म्हणाले. "पण चीर गेली असं नाही. पॉलिशनं झाकायला बघू नकोस, त्यात मेण भरलं की ती आणखी फाकंल."

मग ओले बूट वाळवायचे कसे, ते सांगितलं. नाड्या सोडायच्या, जीभ बाहेर ओढायची, आत रद्दीचे बोळे भरायचे. तासाभरानं ओले बोळे काढून कोरडे घालायचे, दोन-तीनदा. मग वाऱ्याला, सावलीत, आडवे करून ठेवायचे, म्हणजे तळव्यालाही वारा लागतो. पूर्ण वाळायला एक दिवस लागला तर लागू द्यायचा. त्या दिवशी चपला घालून जायचं. मी रोजचे अंक बारक्याला देऊ लागलो. आमच्या छापील शब्दांचा इतका उपयोग कधी झाला असेल असं वाटत नाही.

आता प्रश्न त्या चपलेचा. चामड्याचे बूट भिजले तर पोराकडं दुसरा जोड नाही आणि चप्पल घालून गेलं की पुन्हा रांगेबाहेर. बारक्याच्या बापानं शाळेत जाऊन हे सांगितलं. तिथं रेक्झिनच्या बुटाची जीभ ओढून कडही दाखवली, तात्यांनी दाखवली तशी. सरांनी ऐकून घेतलं आणि पावसाळ्यापुरती सूट दिली. पॉलिशचं मात्र "शिस्तीचा भाग आहे" असंच उत्तर आलं.

शिस्त हवीच. पण बूट स्वच्छ आहे का आणि बूट चमकतोय का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर पोराच्या हातात असतं. दुसऱ्याचं उत्तर बूट कशाचा आहे यावर ठरतं आणि ते खरेदी करणाऱ्यांच्या हातात असतं. योजनेच्या बुटांची खरेदी शाळा व्यवस्थापन समितीकडं दिली होती. त्या समितीत आपल्यातलेच पालक असतात.

तेव्हा पालकांनो, जोड घरी आला की आधी जीभ ओढून कड बघा. कापड दिसलं तर पॉलिशच्या डबीवर पैसे घालू नका, आणि समितीच्या पुढच्या बैठकीला तो बूट पिशवीत घालून घेऊन जा. परिपाठाला स्वच्छता तपासा, चमक तपासू नका, एवढा एक ठराव मांडायला वेळ लागत नाही. आपल्या गावात असा ठराव कुठल्या शाळेत झाला असेल तर खाली लिहा, बातमी करतो.