चारशे पंचावन्नचा बारावा हिस्सा

मोबाइलचा सेल्फी कॅमेरा चालू करावा, त्याच्यासमोर टीव्हीचा रिमोट धरावा आणि कुठलंही बटण दाबावं. पडद्यावर रिमोटच्या टोकाशी एक फिकट जांभळा ठिपका उमटतो. मोबाइल बाजूला करून नुसत्या डोळ्यांनी पाहिलं तर तिथे काहीच नसतं. रिमोटमधल्या एलईडीचा प्रकाश साधारण ९४० नॅनोमीटरचा, म्हणजे लालच्याही पलीकडचा. आपल्या डोळ्यांना तो लागत नाही, कॅमेऱ्याला थोडासा लागतो. रिमोट मेला आहे की टीव्हीच ऐकत नाही, हे ठरवायला दुकानदारही हीच युक्ती वापरतात. मात्र कॅमेरा इथे अर्धंच सांगतो. तो सेकंदाला तीसेक चित्रं घेतो, आणि तेवढ्या वेळात तो ठिपका हजारो वेळा पेटून विझलेला असतो. रिमोटला जे सांगायचं असतं ते सगळं त्या पेटण्या-विझण्यात असतं, आणि ते या जांभळ्या ठिपक्यात कुठेच दिसत नाही.

इतकं लुकलुकायचं तरी कशाला? बटण दाबलं की प्रकाश, सोडलं की अंधार, एवढं पुरलं नसतं का? नसतं, कारण घरात अवरक्त प्रकाशाला तोटा नाही. खिडकीतून ऊन येतं, त्यात तो भरपूर असतो. पिवळा बल्ब असेल तर उजेडापेक्षा अवरक्तच जास्त फेकतो, आणि आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होत राहतो. या सगळ्यात रिमोटची ती क्षीण चमक टीव्हीला ओळखू कशी यावी? म्हणून ती चमक एका ठरावीक गतीने थरथरवायची, सेकंदाला सुमारे ३८,००० वेळा, आणि टीव्हीला सांगून ठेवायचं, की या गतीने थरथरणारा प्रकाश तेवढा आपला, बाकीचा सोडून दे. ऊन थरथरत नाही, बल्ब फार सावकाश थरथरतो. दोघंही आपोआप गाळले जातात.

पण ३८च का? ४० का नाही, सरळ गोल आकडा? हा प्रश्न मला बरीच वर्षं छळत होता, आणि त्याचं उत्तर एका जुन्या रिमोटच्या पोटात सापडलं. चार स्क्रू काढले, कडेची क्लिप नखाने सोडवली, रबरी बटणांची चादर उचलली. खाली हिरवी पट्टी, तिच्यावर काळ्या कार्बनच्या नागमोडी रेघा, आणि एका कोपऱ्यात दोन पायांवर उभी असलेली एक चौकोनी डबी. तिच्यावर छापलेलं होतं ‘४५५ ई’. ही सिरॅमिक रेझोनेटरची डबी. आत चिनी मातीच्या जातीची एक पातळ चकती असते. विजेचा धक्का बसला की ती सेकंदाला ४,५५,००० वेळा कंप पावते. रिमोटची चिप त्या कंपनांना १२ने भागते. उत्तर येतं ३७.९ किलोहर्ट्झ, आणि आपण ते ३८ म्हणतो.

मग ४५५ तरी कुठून आलं? रेडिओतून. मध्यम लहरींचा रेडिओ कुठलंही स्टेशन लावलं तरी आत त्याचं रूपांतर एकाच ठरलेल्या कंपनसंख्येत करून घेतो, आणि ती बहुतेक रेडिओंत ४५५ किलोहर्ट्झ असते. पुणे आकाशवाणीचे ७९२ किलोहर्ट्झ लावले, की रेडिओ आतल्या आत १२४७ किलोहर्ट्झ तयार करतो, दोन्ही मिसळतो, आणि त्यांच्यातला फरक, ४५५, पुढे पाठवतो. काटा फिरवला की आतले १२४७ही बदलतात, फरक मात्र तोच राहतो. त्यामुळे जगभर कोट्यवधी रेडिओंना ४५५चे सिरॅमिक भाग लागायचे आणि ते अगदी स्वस्त झाले. रिमोट करणाऱ्यांना स्वस्त आणि बरीच अचूक अशी एखादी कंपनसंख्या हवीच होती. त्यांनी ती उचलली आणि १२ने भागली. फिलिप्सवाल्यांनी त्यांच्या पद्धतीसाठी ४३२चा रेझोनेटर घेतला, म्हणून त्यांचं गणित ३६वर आलं. सोनीने ४० धरले. भौतिकशास्त्राच्या दृष्टीने या तिघांत डावं-उजवं करण्यासारखं काही नाही.

रेडिओच्याच मदतीने रिमोटचा एक गमतीचा पडताळा घरी घेता येतो. जुना ट्रान्झिस्टर मीडियम वेव्हवर, दोन स्टेशनांच्या मधल्या खरखरीत आणून ठेवायचा आणि रिमोट त्याला चिकटवून बटण दाबून धरायचं. टुर्र-टुर्र-टुर्र असा तुटक आवाज येतो, सेकंदाला सुमारे नऊ वेळा. इथे रेडिओला प्रकाश कळत नाही. रिमोटमधली वीज इतक्या झपाट्याने चालू-बंद होते, की तिच्या उपकंपनांचा गोंगाट रेडिओपर्यंत पोचतो. कॅमेऱ्याने दाखवलं नाही ते रेडिओ ऐकवतो: प्रकाश सलग नाही, तुकड्या-तुकड्यांनी निघतो आहे.

आता ते तुकडे. रिमोटच्या अनेक बोली आहेत, पण सगळ्यांत जास्त फैलावलेली बोली जपानच्या एनईसी कंपनीची. इलेक्ट्रॉनिक्सच्या हौशी मुलांना किटमध्ये एक चपटा, नाण्यासारख्या सेलवर चालणारा रिमोट मिळतो, तो हीच बोलतो. त्याचं वरच्या रांगेतलं डावीकडचं पहिलं बटण घेऊ. संगणकाला जोडून वाचलं तर पडद्यावर `0x45` असा आकडा येतो, म्हणजे आपला ६९.

बटण दाबताच आधी ९ मिलिसेकंदांचा लांबलचक झोत निघतो, सलग लुकलुकता. मग साडेचार मिलिसेकंद काहीच नाही. जुन्या घरांत सासरे माजघरात शिरण्याआधी बाहेरूनच खाकरायचे, तसाच हा प्रकार. टीव्हीला सावध व्हायला, आपला कान किती ताणायचा ते ठरवायला तेवढा अवधी मिळतो. त्यानंतर खरा मजकूर येतो, ३२ बिटांचा.

यातली जी गोष्ट मला फार आवडते ती अशी. या ३२ बिटांचे प्रकाशाचे तुकडे सगळे अगदी एकसारखे असतात. प्रत्येक तुकडा ५६२ मायक्रोसेकंदांचा, म्हणजे जेमतेम अर्ध्या मिलिसेकंदाचा, आणि तेवढ्यात २१ वेळा लुकलुक. शून्य असो की एक, तुकडा तोच. फरक त्याच्यामागून येणाऱ्या रिकाम्या जागेत आहे. तुकड्याएवढीच जागा सोडली तर शून्य, तिप्पट सोडली तर एक. टीव्ही प्रकाश वाचत नाही, दोन प्रकाशांमधलं अंतर मोजतो.

६९ म्हणजे ६४ अधिक ४ अधिक १. एनईसीत लहान किमतीचा बिट आधी जातो, म्हणून रिमोट उच्चारतो १०१०००१०. त्यात तीन एक, पाच शून्य. शून्याला तुकडा आणि जागा मिळून १.१२५ मिलिसेकंद लागतात, एकाला दुप्पट. बेरीज १२.३७५. लगेच पाठोपाठ तोच आकडा उलटा करून जातो, ०१०१११०१. आता पाच एक आणि तीन शून्य, बेरीज १४.६२५. दोन्ही मिळून बरोबर २७ मिलिसेकंद. बटण कुठलंही दाबा, ही बेरीज २७च येणार, कारण सुलट्यातला प्रत्येक शून्य उलट्यात एक झालेला असतो. बटणाच्या आधी यंत्राचा पत्ता जातो, तोही असाच सुलटा आणि उलटा. या रिमोटचा पत्ता शून्य आहे, त्याचेही २७. सुरुवातीचे साडेतेरा आणि शेवटचा बंद करणारा एक तुकडा धरून सगळं बोलणं ६८ मिलिसेकंदांत आटोपतं. मध्येच कुठे एखादा बिट चुकीचा वाचला गेला, तर सुलट्या-उलट्याची जोडी जुळत नाही आणि टीव्ही ते बोलणं सरळ टाकून देतो. म्हणूनच आवाज वाढवायला गेलात आणि चॅनेल बदललं असं सहसा होत नाही. फार तर काहीच होत नाही.

ऐकणारा भाग टीव्हीच्या काळ्या पट्टीमागे बसलेला असतो, तीन पायांचा, हरभऱ्याहून थोडा मोठा. आपल्याकडच्या इंजिनिअरिंगच्या मुलांना तो टीएसओपी १७३८ या नावाने पाठ असतो. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर ‘अडतीसवाला’ म्हटलं तरी चालतं. त्याच्या गाळणीची भोकं फार बारीक नसतात. ३६चा रिमोट त्याच्यासमोर धरला तरी तो ऐकतो, फक्त जरा जवळून. पण त्याचा एक हट्ट मुलांना प्रोजेक्टच्या आदल्या रात्री रडवतो. दारातून किती जण आत गेले ते मोजायला मुलं समोर एलईडी लावतात, त्यावर ३८ किलोहर्ट्झ सलग चालू ठेवतात, आणि क्षणभर ओळखून तो अडतीसवाला गप्प होतो. सगळी जोडणी बरोबर असते. त्याला शिकवलेलंच तसं असतं, की खरा रिमोट थांबून थांबून बोलतो आणि न थांबता येतो तो गोंगाट. मग तो आपला कान हळूहळू मिटून घेतो. तुकडे पाडून पाठवलं की पुन्हा ऐकू लागतो.

हा हट्ट उगाच नाही. काही सीएफएल दिव्यांमधली इलेक्ट्रॉनिक चोक दिव्याला सेकंदाला काही दहा हजार वेळा पेटवते, म्हणजे थेट रिमोटच्या मोहल्ल्यात. रिमोट संध्याकाळी दिवे लागल्यावरच अडायला लागला, तर सेल बदलण्याआधी तो दिवा बंद करून पाहावा. दुपारी उन्हाची तिरीप टीव्हीवर पडली की अडत असेल, तर तिथे ऊन थरथरत नसलं तरी त्याच्या निव्वळ ओझ्याने डोळा दिपलेला असतो. पडदा ओढला की काम होतं. एखादंच बटण रुसलं असेल तर रबराखालचा कार्बन झिजला. आणि रिमोट फरशीवर आपटल्यापासून कॅमेऱ्यातही ठिपका दिसत नसेल, सेल नवे असतील, तर आधी त्या ४५५च्या डबीकडे बघावं. आतली चकती तडकते किंवा पाय सुटतो. बऱ्याच नव्या रिमोटांत ही डबीच नसते, चिप आपली कंपनं स्वतः तयार करते. तरीही ती ३८च करते, कारण समोरचा अडतीसवाला दुसरं तितक्या लांबून ऐकणार नाही.

राहता राहिलं बटण दाबून धरणं. एनईसीत बटण दाबून धरलं तरी रिमोट ६९-६९ असं घोकत बसत नाही. आकडा एकदाच सांगतो. पुढे दर ११० मिलिसेकंदांनी एक आखूड खूण पाठवतो: ९ मिलिसेकंदांचा झोत, सव्वादोनची जागा आणि एक तुकडा. तिचा अर्थ एवढाच, की मघाशी सांगितलं तेच अजून चालू आहे. रेडिओत ऐकू आलेलं टुर्र-टुर्र ते हेच. आता समजा, बटण दाबलं त्याच क्षणी कुणी चहाचा ट्रे घेऊन टीव्हीसमोरून गेलं आणि पहिलं बोलणं तिथेच अडलं. टीव्हीपर्यंत पोचतं ते फक्त ‘तेच, तेच, तेच’. काय तेच, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. तो ढिम्म हलत नाही, आणि घरातले आजोबा अंगठा पांढरा होईपर्यंत बटण दाबून धरतात. अशा वेळी आजोबांना एवढंच सांगायचं: सोडा, आणि परत दाबा.