लांब हाड, आखूड हाड आणि माझी एक चूक

आमच्या इमारतीतल्या एका मुलीला यंदा परळच्या सेठ गोर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजात, म्हणजे आपल्या केईएममध्ये, एमबीबीएसला प्रवेश मिळाला. पहिल्याच आठवड्यात ती वही घेऊन माझ्या लालबागच्या दवाखान्यात आली.

"काका, हाडांचे प्रकार, सांध्यांचे प्रकार, नुसत्या याद्या आहेत. आणि बोटाच्या टोकाचं एवढंसं हाड 'लांब हाड' कसं?"

मी म्हटलं, "याद्या बाजूला ठेव. हात पुढे कर."

हाडांची विभागणी मापावर नाही, घडणीवर होते. मध्ये दांडा आणि दोन्ही टोकांना रुंद भाग असेल तर ते लांब हाड. म्हणून दंडाचे ह्युमरस लांब आणि बोटाचे पेरही लांबच. ज्याची लांबी, रुंदी, जाडी साधारण सारखी असते, ते आखूड हाड. मनगटात अशी आठ हाडे असतात. पाठीचा खवाटा, म्हणजे स्कॅप्युला, हे चपटे हाड. हातात न सापडणारा प्रकार म्हणजे अनियमित हाड, जसा मणक्यांचा एकेक मणी. गुडघ्याची वाटी मात्र स्नायूच्या दोरीत, म्हणजे टेंडनमध्ये तयार होते, म्हणून तिचा वर्ग वेगळा.

सांध्यांसाठी प्रश्न एकच विचारायचा: दोन हाडांच्या मध्ये काय आहे? चिवट तंतू असतील तर हालचाल जवळजवळ नाही, जसे कवटीचे जोड. कूर्चा असेल तर थोडी हालचाल, जशी दोन मणक्यांमधल्या चकतीमुळे होते. आणि वंगणासारख्या द्रवाची पोकळी असेल तर सांधा मोकळा फिरतो. खांदा उखळीचा, कोपर बिजागरीचा, अंगठ्याच्या मुळाचा सांधा घोड्याच्या खोगिरासारखा. हे तिन्ही याच मोकळ्या गटातले.

"पण याचा पेशंटला काय उपयोग?" तिने विचारले. तेव्हा मी तिला माझी चूक सांगितली.

पंचवीसेक वर्षांपूर्वी गोपाळकाल्याच्या दुसऱ्या दिवशी विशीतला एक गोविंदा आला. थरावरून पडताना त्याने हात पुढे टेकला होता. मनगट दुखत होते, सूज थोडीच होती. एक्स-रेमध्ये काही दिसले नाही. मी म्हटले, "मुरगळलंय," आणि पट्टी बांधून पाठवले. चार महिन्यांनी तो परत आला. त्याला बादली उचलता येत नव्हती. मनगटातले स्कॅफॉइड हे हाड मोडले होते आणि जुळलेच नव्हते. पुढे कमरेच्या हाडाचा तुकडा आणि स्क्रू घालून शस्त्रक्रिया करावी लागली.

ते का जुळले नाही, याचे उत्तर तिच्या वहीतल्या त्या यादीत होते. स्कॅफॉइड हे आखूड हाड. आजूबाजूच्या हाडांशी त्याचे सांधे असल्यामुळे त्याचा बहुतेक पृष्ठभाग गुळगुळीत कूर्चेने झाकलेला असतो, आणि कूर्चेतून रक्तवाहिन्या आत शिरत नाहीत. त्यामुळे रक्त शिरायला जागा थोडी उरते. ते मुख्यतः बोटांकडच्या बाजूने शिरते आणि उलटे कोपराच्या दिशेने जाते. हाड मधेच मोडले की कोपराकडच्या तुकड्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो. शेजारचे रेडियस मनगटाजवळ मोडले तर ते सहसा सहा आठवड्यांच्या आसपास जुळते, कारण लांब हाडाच्या त्या टोकाला रक्त भरपूर असते. पडणे तेच, पण हाडाचा प्रकार बदलला की पुढची गोष्ट बदलते.

मग तिला तिच्याच हातावर जागा दाखवली. अंगठा वर ताणला की त्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला एक खळगा दिसतो. स्कॅफॉइड त्याच्या तळाशी असते. हातावर पडल्यावर त्या खळग्यात दाबून दुखत असेल, तर एक्स-रे स्वच्छ असला तरी मोडले आहे असे धरून मनगट आणि अंगठा आधारात बांधायचा. दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढायचा. तोवर मोडलेल्या कडांचे हाड थोडे विरघळते आणि आधी न दिसलेली भेग दिसू लागते. लवकर खात्री हवी असेल तर एमआरआय करता येतो. खळग्यात दुखते म्हणजे मोडलेच आहे असे मात्र नाही. बऱ्याच जणांचे दुसऱ्या तपासणीत ठीक निघते आणि आधार काढून टाकता येतो.

त्या गोविंदाचे हाड शेवटी जुळले, पण मनगट पहिल्यासारखे मागे वाकत नाही. हातावर पडलेला पेशंट आला की मी आजही एक्स-रे बघण्याआधी तो खळगा दाबून बघतो.

मुलीने वहीत स्कॅफॉइडसमोर 'आखूड' लिहिले, आणि मग स्वतःचा अंगठा ताणून तो खळगा शोधू लागली.