शब्द बदलला, जिना तोच

आमच्या चाचांना लहानपणी पोलिओ झाला. मोहल्ल्यात त्यांना 'लंगडा' म्हणत. पुढे दाखला मिळाला, त्यावर 'अपंग' लिहिलेले होते. तेव्हा आम्हांला तो शब्द सभ्य वाटला. पण मुले भांडणात एकमेकांना 'अपंग आहेस का?' म्हणू लागली आणि तोही बोचू लागला. मनातली हेटाळणी तशीच राहिली की ती नव्या शब्दालाही चिकटते. मग आणखी नवा शब्द शोधावा लागतो.

'म्हातारा' हा शब्द संस्कृत 'महत्तर'वरून आला, म्हणजे मुळात तो मानाचाच. आज मात्र आमच्या दादीला 'म्हातारी' म्हटलेले खपत नाही. बँकेत 'ज्येष्ठ नागरिक' चालते. घरात मात्र ती म्हणते, "मला दादीच म्हणा."

डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये 'दिव्यांग' हा शब्द सुचवला आणि तो सरकारी कागदांवर रुळला. काही संघटनांनी हरकत घेतली. अपंगत्वात दिव्य असे काही नाही, आम्हांला गौरव नको, हक्क हवेत, असे त्यांचे म्हणणे होते.

चाचांना हे तेव्हा पटले नव्हते. नवा शब्द त्यांना आवडला होता. मग नव्या कार्डासाठी आम्ही त्यांना एका कार्यालयात नेले. 'दिव्यांग कक्ष' दुसऱ्या मजल्यावर होता आणि लिफ्ट नव्हती. कठडा धरून वर चढताना चाचा म्हणाले, "काहीही म्हणा रे, पण आधी खाली बसा."